सुगंधी वॉश बंद केल्यावर ताजं वाटायचं कसं?

*डॉक्टर मॅडम, मी ३६ वर्षांची आहे. राजारामपुरीत कापड दुकानात दिवसभर उभ्यानं काम करते. मार्चपासून खाली खाज सुटते, आग होते. स्वच्छतेत मी कधीच कमी पडत नाही. दिवसातून दोनदा सुगंधी इंटिमेट वॉश, दुकानात सुगंधी वाइप्स, आणि रोज लायनर. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं, मग परत तेच. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, सगळं सुगंधी बंद करा. पण तोच वॉश मी चार वर्षं वापरतेय, तेव्हा काही झालं नाही. आणि बंद केला तर घामाचा वास येईल, गिऱ्हाईकासमोर उभं राहायचं कसं?*

*— एक वाचक, कोल्हापूर*

ताई, चार वर्षं काही झालं नाही मग आत्ताच का, हा तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण बायका याच एका गोष्टीमुळे खऱ्या कारणापर्यंत पोहोचत नाहीत. ‘हे तर मी कधीपासून वापरते’ असं म्हणून ती बाटली संशयातून सुटते, आणि दोष जातो उष्णतेला, तांबड्या रश्श्याला, नाहीतर नवीन साडीला.

सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. आपल्या त्वचेत पहारेकरी पेशी असतात. एखादं द्रव्य पुन्हा पुन्हा त्वचेतून आत झिरपत राहिलं की कधीतरी या पेशी त्याला ‘परका’ म्हणून नोंदवतात. ही नोंद काही आठवड्यांत होते, काही वर्षांनी होते, काहींच्या बाबतीत कधीच होत नाही. पण एकदा झाली की सहसा पुसली जात नाही, आणि त्यानंतर त्या द्रव्याचा थोडासा अंशही पुरतो. म्हणून चार वर्षं सुखाने वापरलेला वॉश पाचव्या वर्षी त्रास देऊ शकतो. बाटली तीच असते, बदललेलं असतं तुमचं शरीर.

दुसरी गोम अशी की ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. सोमवारी वाइप वापरला तर खाज मंगळवारी रात्री किंवा बुधवारी सुरू होते. साधारण एक ते तीन दिवसांचं अंतर पडतं. तोपर्यंत सोमवारचा वाइप विसरलेला असतो आणि मंगळवारी काय खाल्लं ते आठवत असतं. त्यात तुम्ही तेच रोज वापरत असाल तर खाजेला सुट्टीच मिळत नाही, आणि कशानं काय होतंय हे कळायला मार्गच उरत नाही.

ॲलर्जीशिवाय आणखी एक साधा प्रकार आहे, तो म्हणजे नुसती चुरचुर. इथे शरीरानं कशाची नोंद घेतलेली नसते. फेस आणणारं द्रव्य, अल्कोहोल, अँटिसेप्टिक अशा गोष्टी त्वचेवरचं तेलकट आवरण काढून टाकतात आणि त्वचा सोलल्यासारखी होते. त्यात आग जास्त, खाज कमी. लघवी केली की झोंबतं. ॲलर्जीत खाज जास्त, इतकी की रात्री झोपेतही हात जातो. बऱ्याच जणींना दोन्ही एकत्र असतं. आधी चुरचुर होऊन त्वचा फाटते, आणि फाटलेल्या त्वचेतून सुगंधी द्रव्य आणखी सहज आत जातं.

आता मनगटावर लावलेलं अत्तर चालतं, आणि तिथेच नेमकं का चालत नाही? मनगटाची त्वचा वर मृत पेशींचा जाड थर घेऊन बसलेली असते. तळहाताची तर त्याहून जाड. जांघेत ती पातळ होते, आणि आतल्या नाजूक पाकळ्यांच्या आतल्या बाजूला हा थर जवळजवळ नसतोच. ओठाची आतली बाजू जशी ओलसर आणि मऊ असते, तशी ती जागा. शिवाय मनगटावरचं अत्तर हवेत उडून जातं. इथे घडी आहे, घाम आहे, घर्षण आहे आणि वरून दिवसभर निकर, परकर, साडी. जे लावाल ते उडत नाही, दाबून बसतं. तुम्ही आठ-दहा तास उभ्या असता, त्यामुळे दाबून बसायला त्याला पूर्ण दिवस मिळतो.

बाटलीवर हा सुगंध शोधायला गेलात तर बहुतेक वेळा ‘परफ्यूम’, ‘पारफम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ असा एकच शब्द सापडेल. त्या एका शब्दाखाली कधीकधी डझनावारी द्रव्यं असतात. ‘नॅचरल’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ही दोन्ही झाडाचीच द्रव्यं, पण हवेशी संबंध आला की ती हळूहळू बदलतात आणि बदललेलं रूप ॲलर्जी करण्यात पटाईत असतं. बाथरूममध्ये अर्धवट झाकण लावून महिनोन् महिने ठेवलेली बाटली म्हणूनच नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच, कधीकधी मूळ वास दाबायला त्यात वेगळं सुगंधी द्रव्य घातलेलं असतं. ‘फ्रेग्रन्स-फ्री’ लिहिलेलं असेल तर सुगंध घातलेला नाही असा त्याचा अर्थ.

ओल्या वाइप्सबद्दल मी जरा जास्त कडक आहे. कागद ओला ठेवायचा आणि त्याला बुरशी येऊ द्यायची नाही, म्हणून त्यात टिकवणारं रसायन घालावंच लागतं. मिथाइल-आयसोथायाझोलिनोन नावाच्या अशाच एका द्रव्यानं इतक्या लोकांना ॲलर्जी झाली, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली त्याला ‘वर्षातलं ॲलर्जन’ म्हणून जाहीर केलं. पुढे युरोपात धुवून न टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आली. वॉश निदान पाण्यानं धुतला जातो. वाइपमधलं द्रव्य पुसल्यावर तिथेच राहतं, त्यावर निकर येते, आणि पुढचा वाइप येईपर्यंत ते त्वचेवर काम करत बसतं.

‘पीएच बॅलन्स्ड’ हा शब्दही तुमच्या बाटलीवर असेलच. तो खोटा नाही, पण आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. पाळी चालू असण्याच्या वयात योनीमार्गाच्या आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातलेच. ते लॅक्टिक ॲसिड तयार करून आतला पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान आंबट ठेवतात, आणि त्या आंबटपणात घातक जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत. हे काम आतच्या आत, फुकट, रात्रंदिवस चालतं. त्याला बाहेरून कुठल्याच बाटलीची मदत लागत नाही. वॉश आहे बाहेरच्या त्वचेसाठी, आत जायचंच नाही. आणि पीएच बरोबर असला तरी त्यातला सुगंध सुगंधच राहतो. पीएच जुळवला म्हणून ॲलर्जी टळत नाही. दही म्हटल्यावर काही जणी खरंच दही लावतात, तेही करू नका. घरच्या विरजणात कुठले कुठले जिवाणू असतात हे आपल्याला माहीत नसतं.

आत पाण्याचा फवारा मारणं, बोट घालून धुणं, गुलाबपाणी किंवा तुरटीचं पाणी आत घेणं, यानं ही आतली व्यवस्था मोडते आणि वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. वास वाढला म्हणून जास्त धुवायचं, जास्त धुतलं म्हणून वास वाढायचा, या चक्रात अडकलेल्या बायका मी दर महिन्याला बघते.

तुमच्यासारखीच एक पेशंट पावसाळ्यात माझ्याकडे आली होती. शाळेत शिकवणारी, गंगावेशीकडून रोज स्कूटीवरून जाणारी. पाच महिने खाज. बुरशीच्या गोळ्या दोनदा झाल्या होत्या, रक्तातली साखर तपासून झाली होती, ती व्यवस्थित होती. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी येताना खाली लागणारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून आणा, कपडे धुवायच्या पावडरीसकट. तिनं टेबलावर मांडलं तेव्हा सात वस्तू निघाल्या. इंटिमेट वॉश, वाइप्सचं अर्धं संपलेलं पाकीट, सुगंधी लायनर, आंघोळीच्या पाण्यात घालायचं अँटिसेप्टिक, टाल्कम पावडर, मेडिकलची ट्यूब, आणि एका छोट्या डब्यात काढून आणलेलं निळं फॅब्रिक कंडिशनर. डब्याचं झाकण उघडलं आणि खोलीभर तो फुलांचा वास पसरला, पुढची पेशंट आत आली तरी गेला नव्हता.

मग मी तिला विचारलं, खाज नेमकी कुठे? हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा. हातात छोटा आरसा घ्या, उजेडात बसा आणि बघा. मागच्या बाजूला, शौचाच्या जागेभोवती जास्त असेल तर संशय वाइप्सवर. पॅडच्या आकारात लाली असेल तर लायनर किंवा पॅडवर. जांघेत निकरच्या इलास्टिकच्या रेषेवर असेल तर कपड्यातलं काहीतरी, किंवा इलास्टिकमधलं रबर. या बाईंची लाली दोन ठिकाणी होती, मागे आणि इलास्टिकच्या रेषेला. वॉशवर त्यांचा स्वतःचा सगळ्यात जास्त संशय होता, पण खुणा वाइप्स आणि कंडिशनरकडे बोट दाखवत होत्या.

कंडिशनर कुणाच्याच डोक्यात येत नाही. जुलैत कोल्हापुरात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कपडे घरात दोरीवर, पंख्याखाली. त्यांना कोंदट वास मारतो, तो जावा म्हणून शेवटच्या पाण्यात झाकणभर कंडिशनर. यांनी तर दोन झाकणं सुरू केली होती. साबण धुतला की निघून जातो, कंडिशनर मात्र धाग्यावर चिकटून राहण्यासाठीच बनवलेलं असतं. काहींत तर सुगंधाचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कोष असतात, कापड घासलं गेलं की ते फुटतात आणि वास पुन्हा येतो. साडीच्या पदरावर हे घडलं तर छान वाटतं. निकरमध्ये चालताना प्रत्येक पावलाला घडतं.

सगळं बंद केलं. साडेतीन आठवड्यांनी खाज जवळजवळ गेली. मग खात्रीसाठी त्यांची पट्टी-चाचणी केली. सोमवारी पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांचे छोटे ठिपके असलेली पट्टी चिकटवली, बुधवारी काढली, शुक्रवारी पुन्हा पाहिली. मधल्या दिवसांत पाठ ओली करायची नाही एवढाच त्रास. सुगंधी मिश्रणाच्या ठिपक्यावर शुक्रवारी लाल, उंचवटा आलेला डाग होता. बुधवारी तो फिकट होता. उशिरा उमटणारी ॲलर्जी कशी असते, हे त्यांनी मोबाईलवर काढलेल्या त्या दोन फोटोंत स्वतःच पाहिलं.

आता वासाचं. ताई, तुमची ही काळजी मला पूर्ण समजते. गिऱ्हाईकासमोर साडी उलगडताना मनात तीच भीती असेल तर कामात लक्ष लागत नाही. पण वास कशाचा आहे हे आधी ओळखू या. जांघेतल्या घामग्रंथी काखेतल्यासारख्याच असतात. तो घाम बाहेर येताना जवळजवळ बिनवासाचा असतो, त्वचेवरचे जिवाणू त्याच्यावर काम करतात तेव्हा वास येतो, आणि केस व कापड तो धरून ठेवतात. म्हणजे वास टिकतो तो ओल्या कापडात. तिथे कोरडं ठेवलं आणि कापड बदललं की निम्म्याहून जास्त काम होतं, सुगंधाची गरजच पडत नाही. योनीचा स्वतःचा किंचित आंबटसर वासही असतो. पाळीच्या आधी, नंतर, मध्यावर तो थोडा बदलतो. तो आजाराचा नाही, आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला तो येत नाही.

वेगळा वास मात्र ओळखता आला पाहिजे. मासळीसारखा वास, त्याबरोबर पातळ, करडट पांढरं जाणं, आणि संबंधानंतर तो वास वाढणं, ही आतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्याची खूण आहे. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं आणि भयंकर खाज, पण वास फारसा नाही, ही बुरशी. हिरवट-पिवळं, फेसाळ, दुर्गंधी असेल तर तो बहुधा संबंधातून येणारा संसर्ग, त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि तिन्ही तपासूनच कळतात. सुगंधी वॉशचा मला सगळ्यात मोठा राग याचसाठी आहे. तो हे वास महिनोन् महिने झाकून ठेवतो, आणि बाई येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता रोजचं कसं करायचं ते सांगते. आंघोळीच्या वेळी दिवसातून एकदा कोमट पाणी, तळहातानं, फक्त बाहेरून, पुढून मागे. घासणी नको, स्क्रबर नको. साधं पाणी या जागेला पुरतं. पाण्यानं समाधान होत नसेल तर जांघेला आणि केसांच्या भागाला बिनसुगंधी, सौम्य क्लिन्झर वाटाण्याएवढा, आतल्या पाकळ्यांना तोही नाही. डोक्यावरून शाम्पूचा फेस खाली ओघळतो, म्हणून केस धुवायच्या दिवशी वाकून केस पुढे घेऊन धुवा आणि शेवटी खाली स्वच्छ पाणी घ्या. नंतर मऊ सुती पंचानं टिपायचं, पुसायचं नाही. घडीतलं पाणी टिपायला मिनिटभर द्या, बहुतेक जणी इथेच घाई करतात आणि ओल्यावर निकर चढवतात. अँटिसेप्टिक, पावडर, डिओ यातलं काहीच नको. पावडर घामात भिजून घडीत कणिकेसारखी गोळा होते आणि तिथेच घासते.

दुकानात जाताना पर्समध्ये वाइप्सच्या जागी दोन गोष्टी ठेवा. एक धुतलेली सुती निकर, चेनच्या पिशवीत, आणि एक छोटा सुती रुमाल. दुपारी डबा खायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन रुमालानं कोरडं टिपा आणि निकर बदला. दोन मिनिटांचं काम आहे, पण वॉशपेक्षा जास्त ताजं वाटतं हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. एप्रिल-मेमध्ये तर हे करायलाच हवं. लघवीनंतर पाणी घेत असाल तर तेही टिपून कोरडं करा. लघवीचे थेंब निकरवर राहिले की त्याचाही वास येतो, आणि तो घामाचा आहे असं आपण समजून चालतो. शिंकताना, उभ्या उभ्या थोडी लघवी सुटत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, त्याला स्नायूंचे व्यायाम आहेत.

लायनर रोज लागत नाही. त्याच्या खाली प्लॅस्टिकचा थर असतो आणि तो आतली वाफ आतच ठेवतो. पाळीच्या शेवटच्या दिवशी ठीक, बाकी दिवस बंद. पाळीत बिनसुगंधी पॅड घ्या आणि जास्त रक्तस्राव नसला तरी चार ते सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर ते उत्तमच, फक्त नीट धुवून उन्हात वाळवलेलं हवं. रात्री झोपताना निकर न घालता सैल सुती गाऊन घाला. आठ तास हवा मिळते, हे कुठल्याही मलमापेक्षा मोठं औषध आहे.

निकर धुताना पावडर कमी घ्या आणि पाण्यातून दोनदा नव्हे, तीनदा काढा. कंडिशनर घरच्या इतर कपड्यांना हवं असेल तर निकर आणि पंचे वेगळे पिळा. पावसाळ्यात जाड निकरऐवजी पातळ सुती, आणि नेहमीपेक्षा चार जास्त घेऊन ठेवा, म्हणजे अर्धवट ओली घालायची वेळ येत नाही. सकाळी घालायच्या आधी गरम इस्त्री फिरवली की उरलेली ओल जाते आणि कोंदट वासही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जांघेत गजकर्ण इतकं वाढतं, त्याचं एक मोठं कारण ही ओल आहे.

ट्यूबबद्दल आता स्पष्ट बोलते. मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटल्यावर मिळतं त्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात. बुरशीचं, जिवाणूंचं आणि तगडं स्टिरॉइड. तुम्हाला चार दिवस बरं वाटतं ते स्टिरॉइडमुळे. खाज झोपते, कारण जागच्या जागी राहतं, ट्यूब थांबली की खाज उठते. महिनोन् महिने असं झालं तर तिथली त्वचा कागदासारखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि थांबवल्यावर आग दुप्पट होते. गजकर्ण असेल तर ते स्टिरॉइडखाली लपून पसरतं. आरशात बघताना कडेला उंच, लाल, खवल्यांची गोल रेघ आणि मध्ये त्वचा जरा साफ असं दिसलं तर ते गजकर्ण समजा, मग सुगंध बंद करून ते जाणार नाही, त्याला बुरशीचं औषध लागेल. स्टिरॉइड वाईट नाही. योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस, तपासून दिलेलं असेल तर मीही देते. तुमच्या डॉक्टरांकडे ट्यूब घेऊन जा आणि किती महिने, दिवसातून किती वेळा लावली ते खरं सांगा. म्हणजे ती एकदम थांबवायची की हळूहळू, हे त्या ठरवतील.

आजपासून पुढचे चार आठवडे असे काढा. वॉश, वाइप्स, लायनर, पावडर, अँटिसेप्टिक, कंडिशनर, सगळं एकाच दिवशी बंद. एकेक करून बंद केलं तर उरलेलं काहीतरी त्रास देत राहतं आणि तुम्हाला वाटतं, बंद करूनही फरक नाही. खाज सुटली तर खाजवू नका, कापडात गुंडाळलेली थंड पट्टी पाच मिनिटं ठेवा. नखं कापून ठेवा, कारण झोपेत हात जाणारच. लघवीला झोंबत असेल तर आधी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली बोटाच्या टोकाएवढी बाहेरच्या त्वचेवर लावा, आणि लघवी करताना वरून पाण्याची धार धरा. केस काढायची क्रीम आणि वस्तरा या चार आठवड्यांत नकोच, वाढले तर कात्रीनं कापा.

पहिल्या आठवड्यात फार फरक दिसणार नाही, उलट ट्यूब थांबवली असेल तर थोडं वाढेल. त्यानं घाबरून वॉशकडे परत जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप सलग लागायला लागते, ती पहिली खूण. कॅलेंडरवर रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा एक आकडा लिहा. आपल्या आठवणीवर विसंबलं तर ‘तसंच आहे’ असंच वाटतं, आकडे मात्र आठवरून तीनवर आलेले असतात.

चार आठवड्यांनी आकडा निम्म्यावरही आला नसेल, तर कारण दुसरं आहे आणि तपासणी हवी. त्याआधीही काही दिसलं तर थांबू नका. फोड, जखम, पांढरा पडलेला चकाकता पट्टा, पाळीशिवाय रक्त, ओटीपोटात दुखणं, ताप, वर सांगितलेला वेगळा वास किंवा जाणं. दिवस गेलेले असतील किंवा साखर असेल तर सुरुवातीलाच जा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत.

बरं वाटल्यावर एखादी वस्तू परत हवीच असेल, तर एका वेळी एकच आणा, आणि मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. आधी ती कोपराच्या आतल्या बाजूला, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. वॉशसारखं धुवायचं उत्पादन असेल तर काही मिनिटांत धुवून टाका. तिथे लाली किंवा खाज आली तर ते खाली कधीच लावायचं नाही. वाइप्स मात्र परत आणूच नका. आणि पट्टी-चाचणी करायची झाली तर तिच्या आधी पाठीला स्टिरॉइडचं मलम लागलेलं नको, आणि पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, नाहीतर ठिपका उमटतच नाही आणि ॲलर्जी नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.